रोज रात्री बंद-चालू होणाऱ्या कॅमेऱ्यांविषयीच्या अभिप्रायास आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "अंधार पडला की सगळे कॅमेरे आणि डीव्हीआर बंद पडून परत चालू व्हायचे, रात्रभर हाच खेळ. आता थांबलंय, पण चांगला चालणारा पॉवर सप्लाय काढून नवा माथी मारला. जुन्यावर मीटर १२ व्होल्ट दाखवत होता, मी स्वतः पाहिलं. यांची माणसं भर दुपारी कॅमेऱ्यांना काळी चिकटपट्टी लावत बसली होती, त्या वेळेचेही पैसे लावले. वर लांबच्या कॅमेऱ्याची केबलही बदलली."

महोदय, नमस्कार.

इतक्या रात्री आपले चित्रीकरण तुटत राहिले, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. कामाचा दर्जा आवडला नाही असे कोणी लिहिले तर आम्ही ते मान्य करून गप्प बसतो; परंतु "चांगला पॉवर सप्लाय काढून नवा माथी मारला" हे वाक्य आमच्या सचोटीविषयी आहे आणि ते वाचून उद्या दुसरा ग्राहक आम्हाला दारातूनच परत पाठवेल, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

आम्ही मुळात आपल्याकडे सहा कॅमेरे बसवले होते. आपला प्रत्येक कॅमेरा दिवसा सुमारे ०.३ अँपिअर घेतो, आणि अंधार पडल्यावर त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की तोच कॅमेरा ०.६ अँपिअर घेतो. म्हणजे सहा कॅमेऱ्यांचा रात्रीचा भार ३.६ अँपिअर होता, आणि त्यासाठी दिलेला ५ अँपिअरचा सप्लाय पुरेसा होता. पुढे आपण दुसऱ्या कारागिराकडून आणखी दोन कॅमेरे त्याच सप्लायवर जोडून घेतलेत, आणि डीव्हीआरचा स्वतःचा अडॅप्टर बिघडल्यावर त्याची तारही तिथेच जोडली गेली. त्यात आपला काही दोष होता असे आमचे म्हणणे नाही, कारण जोडणाऱ्याने हिशेब सांगायला हवा होता. पण आठ कॅमेऱ्यांचे ४.८ आणि हार्ड डिस्कसह डीव्हीआरचे साधारण १.२ असे मिळून रात्री ६ अँपिअर ५ अँपिअरच्या सप्लायवर पडू लागले, ही वस्तुस्थिती आहे. दिवसा हाच भार ३.६ अँपिअर असतो, म्हणून दिवसभर सारे सुरळीत दिसते. अंधार पडल्यावर भार मर्यादेबाहेर गेला की सप्लायमधील संरक्षण व्यवस्था तो क्षणभर बंद करते, मग सगळे पुन्हा सुरू होते, सुरू होताना दिवे विझलेले असल्यामुळे काही सेकंद निभावते, आणि दिवे लागताच पुन्हा तेच घडते. सगळी उपकरणे एकाच वेळी बंद पडत होती, तेव्हा कारण त्या सर्वांना समाईक असलेल्या जागी, म्हणजे सप्लायमध्ये शोधायचे, हे आमच्या कारागिरांनी पहिल्याच भेटीत ओळखले होते.

आता चिकटपट्टीविषयी. कॅमेऱ्याच्या तोंडाजवळ उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो. तो झाकला की कॅमेऱ्याला रात्र झाल्यासारखे वाटते आणि इन्फ्रारेड दिवे लागतात. आपण सूर्यास्तानंतर यायला परवानगी दिली नव्हती (घरच्या अडचणीमुळे, हे आम्ही समजू शकतो), त्यामुळे भर दुपारी रात्रीचा भार निर्माण करण्याचा तोच एक सरळ मार्ग होता. आमची माणसे वेळ काढत बसली होती, असे आपल्याला वाटले याचे आम्हाला अतिशय वाईट वाटते, कारण दोष सापडला तो त्या पट्ट्यांमुळेच.

आम्ही डीव्हीआरला आधी त्याचा स्वतंत्र १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर दिला. उरलेला ४.८ अँपिअरचा भार ५ अँपिअरच्या सप्लायने काठावर का होईना, पेलायला हवा होता, पण पट्ट्या लावताच कॅमेरे पुन्हा बंद पडू लागले. तेव्हा व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. पट्ट्या नसताना पडद्यावरची रेषा १२ व्होल्टवर जवळजवळ सपाट होती; आपण मीटरवर पाहिलेले १२ व्होल्ट खरेच होते, पण ते दिवसाच्या हलक्या भारावरचे होते. पट्ट्या लावल्यावर मीटरने ११.६ व्होल्ट दाखवले, आणि त्याच क्षणी ऑसिलोस्कोपवर व्होल्टेज सेकंदाला १०० वेळा १०.८ पर्यंत खचताना दिसत होते. मीटर डीसीवर ठेवला की तो सरासरी दाखवतो, त्या सरासरीत हे खड्डे बुजून जातात. या खड्ड्यांनाच रिपल म्हणतात. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० खड्डे पडत असतील, तर सप्लायच्या आतला, मुख्य विजेचे चढउतार भरून काढणारा मोठा कपॅसिटर सुकत चालला आहे, असा त्याचा अर्थ होतो. हलक्या भाराला तो पुरून उरतो, पूर्ण भाराला मात्र अपुरा पडतो. दीर्घकाळ रोज रात्री क्षमतेबाहेर तापत राहिल्यावर कपॅसिटर असाच जातो. असा सप्लाय आम्ही "चांगला आहे" म्हणून परत बसवला असता, तर तो प्रामाणिकपणा ठरला नसता.

केबलचे कारण वेगळे आहे. मागच्या बाजूचा कॅमेरा सप्लायपासून ५० मीटरवर आहे आणि त्याला अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार होती. वीज जाऊन परत यायची असते, म्हणून तार १०० मीटर धरावी लागते आणि तिचा रोध सुमारे साडेतीन ओहम भरतो. दिवसा ०.३ अँपिअरला तिथे १ व्होल्ट पडतो आणि कॅमेऱ्याला ११ मिळतात; रात्री ०.६ अँपिअरला २ व्होल्ट पडतात आणि ९.९ च उरतात, तर त्या कॅमेऱ्याची खालची मर्यादा १०.८ आहे. म्हणजे सप्लाय अगदी नवा कोरा असता, तरी तो एक कॅमेरा रात्री धडपडलाच असता. आपल्या परिचितांनी सुचवल्याप्रमाणे सप्लायचा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवता आले असते, पण मग मागच्या कॅमेऱ्याला रात्री जेमतेम १०.८ मिळवून देण्यासाठीही सप्लाय सुमारे १२.९ व्होल्टवर न्यावा लागला असता, म्हणजे जवळचे कॅमेरे १३.२ व्होल्टच्या वरच्या मर्यादेच्या काठावर चालले असते. ते आम्ही करत नाही. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेने आता तिथे रात्री ११.३ व्होल्ट पोहोचतात.

नवा सप्लाय १० अँपिअरचा दिला आहे, म्हणजे रात्रीही तो निम्म्याच क्षमतेवर चालेल. तो गरजेपेक्षा मोठा घेतल्यासारखा वाटेल, पण पूर्ण क्षमतेवर रात्रभर चालवलेल्या सप्लायचे काय होते ते आपल्याकडेच दिसले आहे.

जुना सप्लाय दुकानात जपून ठेवला आहे. आपण कधीही यावे, आपल्यासमोर त्यावर ४.८ अँपिअरचा भार टाकून रेषा दाखवू. यापुढे भार कसा मोजणार आणि त्याला किती वेळ लागेल, हे काम सुरू करण्याआधी ग्राहकांना अधिक नीट समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न राहील. पुन्हा कधी काही बंद पडले तर सगळे कॅमेरे एकदम गेले की एकटा मागचा गेला, एवढे कृपया कळवावे. आणि नवा कॅमेरा जोडण्यापूर्वी, तो कोणाकडूनही जोडून घ्या, आम्हाला एक फोन करावा.

आपला नम्र,
दुकानमालक