चिठ्ठीवर नाव नसते तेव्हा महागाई कशी समजवावी

व्याख्यानमालेत अर्थशास्त्रावरचे भाषण संपले की श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येतात, आणि त्यांत एक प्रश्न हमखास असतो : "महागाई कमी झाली असे छापून येते, मग भाव का उतरत नाहीत?" चिठ्ठीवर नाव नसते. विचारणारा निवृत्तिवेतनावर घर चालवणारा असेल, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी असेल किंवा पुढच्या दोन वर्षांसाठी बांधकामाचा दर ठरवू पाहणारा कंत्राटदार असेल. अर्थशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला या प्रश्नाबद्दल फार आस्था आहे, कारण त्याला दिली जाणारी उत्तरे बहुतेक वेळा विचारणाऱ्याला होता तिथेच सोडून देतात.

नेहमीचे उत्तर व्याख्येने सुरू होते आणि लगेच कारणांकडे वळते : बाजारात पैसा फार आणि वस्तू थोड्या, म्हणून महागाई. हे महागाईचे एक कारण झाले, पण विचारणाऱ्याची अडचण कारणाची नसतेच. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा नेमका कशाचा आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माझे ठाम मत आहे की समोरचा कोण हे ठाऊक नसेल, तर सुरुवात याच आकड्यापासून करावी, कारण हा पाया विद्यार्थिनीला, गृहिणीला आणि कंत्राटदाराला सारखाच लागतो.

त्यासाठी मी 2024 चा जुलै महिना घेतो. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या तेव्हाच्या मालिकेचे पायाभूत वर्ष 2012 होते. याचा अर्थ असा की सर्वसाधारण कुटुंब जे खाते, वापरते, ज्यावर खर्च करते त्या सगळ्याला 2012 मध्ये 100 रुपये लागत होते असे धरायचे, आणि त्याच यादीला आज किती लागतात ते दर महिन्याला मोजायचे. जून 2024 मध्ये हा आकडा 190.2 होता आणि जुलैमध्ये तो 192.9 झाला, म्हणजे एका महिन्यात त्याच यादीसाठी दोन रुपये सत्तर पैसे जास्त लागू लागले. भाव वाढले, आणि एका महिन्याच्या मानाने चांगलेच वाढले. तरीही ऑगस्टमध्ये बातमी आली ती महागाईचा दर 5.08 टक्क्यांवरून 3.54 टक्क्यांवर उतरल्याची, आणि तो जवळपास पाच वर्षांतला नीचांक होता.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. महागाईचा दर काढताना जुलैची तुलना जूनशी नव्हे, तर आदल्या वर्षीच्या जुलैशी करतात. जून 2023 चा निर्देशांक 181.0 होता, 190.2 ला त्याच्याशी ताडून पाहिले की 5.08 टक्के येतात. जुलै 2023 चा निर्देशांक मात्र 186.3 होता, आणि 192.9 ची तुलना या उंच आकड्याशी झाल्यामुळे दर 3.54 टक्के आला. भाव चढत असतानाच दर उतरला, कारण ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा त्याहून वेगाने चढला होता. अर्थतज्ज्ञ यालाच बेस इफेक्ट म्हणतात; पण हे नाव मी शेवटी सांगतो, कारण आधी सांगितले की माणूस नाव पाठ करतो आणि दोन जुलैंची तुलना विसरतो.

जुलै 2023 मध्ये निर्देशांक एवढा का उसळला, हेही इथे सांगण्यासारखे आहे. त्या महिन्यात भाज्या कडाडल्या आणि टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तिप्पट झाला. त्याच वर्षी मे महिन्यात टोमॅटोचे भाव इतके पडले होते की आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी माल अक्षरशः फेकून दिला. तोडणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही निघत नसेल तर उभ्या पिकावर फवारणीला कोण पैसे घालणार? पुढे आवक आटली, पावसाने उरलेले पीक खराब केले, आणि नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. लोकांच्या हाती जास्त पैसा आल्यामुळे हे घडले नव्हते, आणि व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही. "पैसा फार, वस्तू थोड्या" हे वाक्य पाठ केलेला माणूस इथे चुकीच्या जागी कारण शोधत बसतो, म्हणून ते पहिल्या उत्तरात नको असे मला वाटते.

इथवरचे उत्तर कोणालाही देता येते. यापुढे मात्र विचारणाऱ्याचा हेतू कळल्याशिवाय जाऊ नये, कारण हेतू बदलला की लागणारा आकडाच बदलतो. जुलै 2023 मध्ये ग्राहक किमतींवर आधारित दर 7.44 टक्के होता, आणि त्याच महिन्यात घाऊक किमतींवर आधारित दर शून्याखाली, उणे 1.36 टक्के होता. दुसऱ्या मोजमापात कारखान्यात तयार होणाऱ्या मालाचा भार फार मोठा असतो, घरभाडे, शाळेची फी, दवाखाना यांचा त्यात समावेशच नसतो, आणि तेव्हा इंधन, धातू, रसायने आदल्या वर्षीपेक्षा स्वस्त होती. कंत्राटात दरवाढीचे कलम घालणाऱ्याला मी 7.44 सांगितले असते, तर सिमेंट-सळईच्या हिशेबात त्याने टोमॅटो मोजला असता. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला महागाई भत्त्याचा अंदाज हवा असेल तर त्याला यांपैकी एकही आकडा उपयोगाचा नाही. तो भत्ता औद्योगिक कामगारांसाठीच्या वेगळ्या निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. आणि ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या माणसाला एका महिन्याच्या चढउतारापेक्षा हे सांगायला हवे की ठेवीवर सात टक्के मिळत असतील आणि भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढत असतील, तर त्याची खरी कमाई कर जाण्यापूर्वीच जेमतेम दोन टक्के आहे.

गृहिणीचा प्रश्न बहुधा याहून निराळा असतो : "तुमचे पाच टक्के असतील, माझ्या घरचे पंधरा आहेत." हा गैरसमज आहे असे म्हणून तिला उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. 2012 च्या त्या मालिकेत खाण्यापिण्याचा भार शंभरातला सुमारे 46 होता. ज्या घराचा साठ-सत्तर टक्के खर्च किराणा, दूध आणि भाजीवरच होतो, त्या घराला भाजीपाल्याची दरवाढ सरासरीपेक्षा कितीतरी जास्त लागते. तिचा आकडा तिच्या घरापुरता बरोबर असू शकतो, आणि देशाचा आकडाही बरोबर असू शकतो.

म्हणून पहिले उत्तर संपताच मी उलट एकच प्रश्न विचारतो : "हा आकडा तुम्हाला कशासाठी वापरायचा आहे?" "तुम्ही काय करता?" असे विचारले तर लोक संकोचतात, शिवाय व्यवसायावरून हेतू कळतोच असे नाही; प्राध्यापकालाही आईच्या ठेवीची चिंता असू शकते. चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही. तिथे मी दोन जुलैंची तुलना पूर्ण सांगतो आणि कोणत्या कामाला कोणता निर्देशांक घ्यायचा एवढे एकेका वाक्यात सांगून थांबतो. नोटा, व्याजदर, सरकारी तूट यांतले काही कोणी पुढे विचारलेच, तर तोवर निदान कशाचे कारण शोधायचे ते त्याला माहीत असते.

समजले की नाही, हे मान डोलावण्यावरून कळत नाही. त्यासाठी मी सभागृहाला विचारतो की महागाईचा दर चार टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आला, तर गेल्या वर्षी 100 रुपयांना मिळणारी वस्तू सरासरीने आज कितीला मिळेल. कोणी 98 म्हणाले, तर मी पुन्हा 186.3 आणि 192.9 फळ्यावर लिहितो.