ब्लॉगचे वेळापत्रक शिलकीवर आखावे

"नवा ब्लॉग असेल तर पहिला महिना रोज एक लेख टाका, वर्षभराचे विषय तारखांसकट आधीच भरून ठेवा आणि एखादा लेख चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन टाका. ब्लॉग कधीच बंद पडणार नाही."

नव्या ब्लॉगरला दिलेल्या या सल्ल्यातील तिन्ही सूचना मला पटत नाहीत. पहिल्या सूचनेत लिहिणाऱ्याच्या वेळेचा हिशेबच धरलेला नाही. माझ्या पाककृतींच्या ब्लॉगवरील उकडीच्या मोदकांच्या लेखाला पदार्थ करणे आणि फोटो काढणे यांत चार तास गेले, लिहिण्यात व तपासण्यात आणखी तीन. नोकरी सांभाळून मला आठवड्याला सहाच तास मिळतात, म्हणजे माझा खरा वेग आठ-नऊ दिवसांत एक लेख असा आहे. म्हणून ब्लॉग सुरू करण्यापूर्वी आठ लेख लिहून वेग मोजावा, त्यांतील तीनच प्रसिद्ध करून पाच शिलकीत ठेवावेत आणि पुढे लिहिण्याच्या वेगापेक्षा सावकाश, माझ्या बाबतीत पंधरवड्याला एक, असे प्रसिद्ध करावे. शिलकीतील लेख तीनाच्या खाली आले, की वेग जास्त झाला असे समजावे.

तारखांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपले सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. 2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती; 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला येते आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या तारखा तशाच उतरवल्या, तर सणांचे लेख अडीच आठवडे आधीच निघून जातील. त्यामुळे तारीख फक्त सणाच्या आणि हंगामी लेखांना द्यावी, आणि तीही सणापासून मागे मोजत. चकलीच्या भाजणीसाठी तांदूळ व डाळी धुऊन वाळवायच्या, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि मग गिरणीत न्यायचा, म्हणजे वाचकाला तीन आठवडे तरी हाताशी हवेत. तेव्हा लेख 15 ऑक्टोबरला यावा. लेखन 3 आणि 4 ऑक्टोबरच्या सुट्टीत होईल. फोटोंसाठी भाजणी ऑगस्टमध्ये करायला घेतली, तर दमट हवेत धुतलेले तांदूळ लवकर वाळत नाहीत, म्हणून ते काम विसर्जनानंतरच्या 26 आणि 27 सप्टेंबरला ठेवावे. वेळापत्रकात अशा तिन्ही तारखा लिहाव्यात. आमटी, कोशिंबीर, मसाल्याचा डबा यांसारखे बारमाही विषय तारखेविना नुसत्या यादीत असू द्यावेत.

चुकलेल्या लेखाची भरपाई करू नये. दोन लेखांचे चौदा तास त्याच सहा तासांतून निघणार नाहीत, आणि थकबाकी दर आठवड्याला पुढे सरकत जाते. त्या दिवशी शिलकीतील बारमाही लेख प्रसिद्ध करावा. चुकलेला लेख बारमाही असेल तर तो यादीत परत जातो. सणाचा असेल तर त्याचे फोटो जपून ठेवून पुढच्या वर्षाच्या पानावर, नव्या पंचांगातील तारीख पाहून, त्याची नोंद करावी.