आकारमान वाढले, तरी ऊर्जा तीच कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला, पण पटला नाही. dU = T dS − P dV हे सूत्र तुम्हीच दिले आहे आणि त्यात dV समोर दिसतो आहे. मग आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर अवलंबून कशी? टायरमधली हवा सोडली की व्हॉल्व्ह गार लागतो, आमच्या परभणीत भर मे महिन्यातसुद्धा. हवा पसरली म्हणूनच ऊर्जा कमी झाली ना? शिवाय PV = nRT आधीच गृहीत धरून तुम्ही हवा तो निष्कर्ष काढला आहे, असे वाटते.»

सप्रेम नमस्कार. आपल्या तीन हरकतींपैकी दोन मला मान्य नाहीत. तिसरीत मात्र तथ्य आहे.

त्या सूत्रात dV चा गुणक −P आहे हे खरे, पण तो एन्ट्रॉपी स्थिर असतानाचा विकलज आहे, म्हणजे (∂U/∂V)_S. आपला प्रश्न तापमान स्थिर असतानाच्या विकलजाचा आहे. तापमान कायम ठेवून वायू पसरू दिला, तर त्याची एन्ट्रॉपीही वाढते, आणि त्या वाढीचा वाटा हिशेबात धरावाच लागतो:

(∂U/∂V)_T = T (∂S/∂V)_T − P

एन्ट्रॉपी मोजण्याचे उपकरण कोणाच्याच प्रयोगशाळेत नसते, म्हणून येथे मॅक्सवेल संबंध वापरतात. F = U − TS असे घेतले की dF = −S dT − P dV मिळते, आणि F चे दुहेरी विकलज कोणत्याही क्रमाने काढले तरी सारखेच येत असल्यामुळे (∂S/∂V)_T = (∂P/∂T)_V असे ठरते. उजवीकडची राशी दाबमापक आणि तापमापक यांनी मोजता येते. म्हणून

(∂U/∂V)_T = T (∂P/∂T)_V − P

आदर्श वायूसाठी P = nRT/V, त्यामुळे पहिले पद T × nR/V, म्हणजेच P, आणि वजाबाकी शून्य.

हेच आकड्यांत पाहू. एक मोल नायट्रोजन, ३०० केल्विन तापमान आणि १ बार दाब असताना, सुमारे २४.९ लिटर जागा व्यापतो. तो सावकाश ०.१ लिटरने पसरला, तर बाहेर सुमारे १० ज्यूल कार्य करतो. सिलिंडरच्या भिंतींतून उष्णता येऊ दिली, तर तितकेच १० ज्यूल आत येतात आणि U जागच्या जागी राहते. भिंती उष्णतारोधक असतील, तर ते १० ज्यूल वायूच्याच ऊर्जेतून जातात. नायट्रोजनची स्थिर आकारमानाची मोलर उष्णताधारकता सुमारे २०.८ ज्यूल प्रति केल्विन असल्याने तापमान जवळजवळ अर्ध्या केल्विनने उतरते. दोन्ही वेळा आकारमान सारखेच वाढले, ऊर्जा मात्र तापमान उतरले तेथेच घटली.

आपला व्हॉल्व्ह याच दुसऱ्या प्रकारात मोडतो. टायरमध्ये उरलेली हवा बाहेर जाणाऱ्या हवेला ढकलताना कार्य करते, आणि हे इतक्या झटपट घडते की बाहेरून उष्णता यायला सवड मिळत नाही. तेथे ऊर्जा घटली हे आपले निरीक्षण बरोबर आहे, पण T स्थिर नसताना त्यावरून (∂U/∂V)_T विषयी काही सांगता येत नाही. कार्य न करता पसरणारा वायू पाहायचा, तर तो रिकाम्या भांड्यात सोडावा लागतो. ज्यूलने १८४५ मध्ये सुमारे २२ वातावरण दाबाची हवा तशी सोडली आणि भोवतीच्या पाण्याच्या तापमानात त्याला फरक आढळला नाही.

खऱ्या वायूत फरक असतो. व्हॅन डर वाल्सचे समीकरण वरच्या सूत्रात घातले की b चे पद पूर्ण गळून जाते आणि an²/V² उरते, म्हणजे ऊर्जेला आकारमानाशी जोडते ते रेणूंमधले आकर्षण. रेणूंनी अडवलेली जागा नव्हे. नायट्रोजनसाठी a सुमारे ०.१३७ (एसआय एककांत) आहे. एक मोल वायू १ लिटरमधून २ लिटरमध्ये कार्य न करता पसरला, तर हिशेबाने तो ३.३ केल्विन थंड व्हावा. २४ मधून ४८ लिटरमध्ये पसरला, तर जेमतेम ०.१४. ज्यूलचा दाब पहिल्या प्रकाराच्या जवळपासचा होता, पण भांड्यांचे तांबे आणि भोवतीचे पाणी यांची उष्णताधारकता हवेच्या कितीतरी पट असल्यामुळे ती घट त्यांच्यातच मुरली.

आता तिसरी हरकत. शून्य येण्यासाठी मुळात पूर्ण PV = nRT लागतच नाही; स्थिर आकारमानाला दाब T च्या सम प्रमाणात असला, म्हणजे P = T·f(V) असला, की पुरते. P(V − nb) = nRT पाळणारा वायू आदर्श नव्हे, तरी त्याचीही ऊर्जा केवळ तापमानावरच ठरते. परंतु या मांडणीतला T दुसऱ्या नियमातून येणारा, म्हणजे कार्नो इंजिनच्या कार्यक्षमतेने ठरणारा आहे, तर PV = nRT मधला T वायू-तापमापकाचा. हे दोन एकच आहेत हे साधारणपणे आदर्श वायूवर कार्नो चक्र चालवून दाखवतात, आणि त्या सिद्धतेत U फक्त तापमानावर अवलंबून असल्याचे आधीच वापरलेले असते. माझ्या लेखात दोन्ही T काही न सांगता एक मानले होते, आणि तेवढ्यापुरता तो तर्क खरोखरच वर्तुळाकार होता. वर्तुळ तोडायचे, तर U(T) हे ज्यूलच्या प्रयोगाच्या आधारावर आदर्श वायूच्या व्याख्येतच घालावे लागते, नाहीतर T हे आरंभापासून कार्नोचे मानून दाब त्याच्या प्रमाणात वाढतो हे प्रयोगाने दाखवावे लागते. मी दुसरा मार्ग धरून लेखातील तो परिच्छेद बदलला आहे.