साडेतीन किलो गेले कुठे? स्नेहल यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्नेहल यांची प्रतिक्रिया:
"मॅडम, ज्यूस क्लेन्सवरचा तुमचा लेख एकांगी वाटला. मी पाच दिवस फक्त रसांवर राहिले, दिवसाला सहा ग्लास. वजन 62 वरून 58.5 किलो झालं. उपाशीपोटीची साखर 108 होती, ती 92 वर आली. पोट इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. फळांची साखर नैसर्गिक असते, आणि उपाशी राहिलं की पेशी स्वतःची सफाई करतात याला तर नोबेल मिळालंय. पुढच्या महिन्यात आईलाही (वय 68, मधुमेहाची गोळी चालू) तीन दिवस करायला सांगणार आहे. आकडे खोटं बोलतात का?"

स्नेहल, आकड्यांबद्दल मला शंका नाही. माझं म्हणणं त्यांच्या कारणांबद्दल आहे, आणि ते मूळ लेखात मी फार थोडक्यात उरकलं होतं. आईंचा भाग सर्वात शेवटी घेतला आहे, पण तो वाचल्याशिवाय त्यांना काही सुरू करायला सांगू नका, ही विनंती आधीच करते.

वजनापासून सुरुवात करू. ग्लास 250 मिलीचा धरला तर दिवसाला दीड लिटर रस होतो. फळं आणि भाज्या मिळून काढलेल्या रसात 100 मिलीला साधारण 9 ग्रॅम साखर धरू. म्हणजे दिवसाला 135 ग्रॅम साखर, जवळपास 600 कॅलरी आणि फार तर दहाएक ग्रॅम प्रथिनं. तुमच्या वजनाच्या, बेताची हालचाल असलेल्या स्त्रीला दिवसाला 1900 कॅलरी लागतात असं मानलं, तर रोजची तूट 1300 आणि पाच दिवसांची 6500. एक किलो चरबी उतरवायला सुमारे 7700 कॅलरींची तूट लागते. म्हणजे ही सगळी तूट फक्त चरबीतून भरून निघाली असती, तरी एक किलोसुद्धा उतरला नसता. उरलेलं वजन दुसरीकडूनच गेलेलं असणार.

शरीर सर्वात आधी हात घालतं तो ग्लायकोजेनला. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली ही साखर असते, आणि तिचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. तुमचं अडीचशे ग्रॅम ग्लायकोजेन वापरलं गेलं असेल, तर पाण्यासकट एक किलो तिथेच गेला. दुसरा किलो आतड्यातल्या ऐवजाचा आणि मिठाचा. चोथाच पोटात जात नाही म्हणून आतडं रिकामं होतं, आणि रसात सोडियम नगण्य असल्यामुळे शरीर त्याबरोबरचं पाणी लघवीतून सोडून देतं. हे दोन्ही किलो नेहमीचं जेवण सुरू झालं की काही दिवसांत परत येतात.

मला काळजी वाटते ती पुढच्या वाट्याची. शरीरातली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नव्याने बांधली जातात. बाहेरून पुरेशी प्रथिनं आली नाहीत, तर बांधकामाचा माल शरीराच्याच साठ्यातून घ्यावा लागतो, आणि सर्वात मोठा साठा स्नायूंत असतो. पूर्ण उपवासात पहिल्या काही दिवसांत रोज साधारण 75 ग्रॅम प्रथिनं खर्च होतात. इथे रसाच्या बाजूने बोलणारी एक गोष्ट आहे आणि ती मी लपवणार नाही. जेम्स गॅम्बल यांनी 1940च्या दशकात, जहाज बुडाल्यावर तराफ्यावर अडकलेल्यांना काय शिधा द्यावा हे शोधताना दाखवून दिलं की दिवसाला 100 ग्रॅम ग्लुकोज दिलं तर प्रथिनांचा हा नाश निम्म्यावर येतो. मेंदूसाठी साखर तयार मिळाल्यामुळे स्नायू मोडून ती बनवावी लागत नाही. त्यामुळे निव्वळ पाण्यावर राहण्यापेक्षा रसावर राहणं स्नायूंसाठी नक्कीच बरं. पण निम्म्यावर येणं म्हणजे थांबणं नव्हे. साखर कितीही वाढवली तरी प्रथिनांची उणीव प्रथिनांनीच भरून निघते.

रोज 35 ग्रॅम धरले तर पाच दिवसांत 175 ग्रॅम प्रथिनं गेली. स्नायूंत प्रथिनं जेमतेम पाचवा हिस्सा असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे 175 ग्रॅम प्रथिनांमागे सुमारे पावणेनऊशे ग्रॅम ऊती. सुरुवातीच्या दिवसांत यातला काही भाग यकृत आणि आतड्याच्या प्रथिनांतून येतो, त्यामुळे हा सगळा भार दंड-मांड्यांवर पडला असं म्हणता येणार नाही. ग्लायकोजेन आणि प्रथिनांनी भरलेला तुटीचा भाग वजा केला, तर चरबीच्या वाट्याला सहाशे ग्रॅमच्या आसपास येतात. हा हिशेब ढोबळ आहे, तुमच्या शरीरात प्रत्येक आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण साडेतीन किलोंतली चरबी अर्ध्या-पाऊण किलोच्या फार वर जाणार नाही.

घरच्या चरबीमापक काट्यावर हे दिसत नाही. तो शरीरातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून पाण्यावरून अंदाज बांधतो, आणि या पाच दिवसांत उलथापालथ होते ती नेमकी पाण्याचीच. त्यापेक्षा क्लेन्सच्या आधी हातांचा आधार न घेता खुर्चीतून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा, आणि जेवण पूर्ववत झाल्यावर आठवड्याने पुन्हा मोजा. कंबरही त्याच दोन दिवशी मोजा. तुमच्या वयात एका वेळची झीज पुरेशी प्रथिनं आणि व्यायाम यांनी भरून निघते. दर महिन्याला पाच दिवस असंच केलं, तर मात्र भरपाईला वेळच उरत नाही.

आता साखर. कमी कॅलरी पोटात गेल्या की यकृत रात्रभर रक्तात सोडत असलेली साखर कमी होते आणि सकाळचा आकडा खाली येतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या 2011 सालच्या अभ्यासात मधुमेहींना दिवसाला सुमारे 600 कॅलरींचा आहार दिला, तेव्हा एका आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. त्या आहारात प्रथिनं होती, भाज्या होत्या आणि डॉक्टरांची देखरेख होती. म्हणजे 92 चं श्रेय कमी खाण्याला जातं, रसाला नाही.

रसाने काय केलं हे पाहायचं तर ग्लास संपल्यावर 30, 60 आणि 120 मिनिटांनी मोजायला हवं होतं. रसाची साखर लवकर चढते आणि लवकर उतरते, त्यामुळे फक्त दोन तासांनी मोजलं तर शिखर निसटतं. 1977 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. त्यात सफरचंद, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस, तिन्हींतून सारखीच साखर दिली होती. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने पिता आला. साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली, पण रसानंतर इन्सुलिन जास्त आलं, आणि मग साखर अख्ख्या फळानंतर घसरली नव्हती इतकी खाली घसरली. दुपारी अचानक गळून गेल्यासारखं वाटणं आणि पुढच्या ग्लासाची ओढ लागणं यामागे हे असू शकतं. लोक त्यालाच 'विषारी द्रव्यं बाहेर पडतायत' असं म्हणतात.

साखर नैसर्गिक आहे हे खरं, पण फळात ती पेशींच्या भिंतींत कोंडलेली असते, आणि ज्यूसर नेमक्या त्याच भिंती फोडून चोथ्यात टाकतो. शिवाय फळांच्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो. त्याचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो आणि ग्लुकोमीटरला तो दिसतच नाही. तुमच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट सांगते: उपाशीपोटी 108 हा आकडा मधुमेहपूर्व टप्प्यातला आहे. एचबीएवनसी करून घ्या, त्यात मागच्या सुमारे तीन महिन्यांचा अंदाज येतो आणि पाच दिवसांच्या क्लेन्सने तो फारसा हलत नाही.

नोबेलबद्दल थोडक्यात. 2016 साली योशिनोरी ओसुमी यांना ते मिळालं ते पेशी आपलेच जुने भाग मोडून कसे वापरतात याच्या संशोधनासाठी, आणि ते मुळात यीस्टवर झालं. ही प्रक्रिया इन्सुलिन वाढलं की मंदावते. दर दोन-अडीच तासांनी वीस-बावीस ग्रॅम साखर पिणाऱ्याने या संशोधनाचा दाखला देऊ नये.

पोट हलकं वाटलं कारण ते खरोखर रिकामं होतं. पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन असतं ब्युटिरेट, आणि ते तिथले जिवाणू अन्नाच्या चोथ्यातल्या तंतूंपासून बनवतात. तंतू बंद झाले की जिवाणूंचीही उपासमार होते. उंदरांवरच्या प्रयोगांत तंतूंविना राहिलेले जिवाणू आतड्याचा संरक्षक श्लेष्मथर खाऊ लागलेले दिसले आहेत. माणसांवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा 2025 चा एक छोटा अभ्यास आहे. फक्त रसावर तीन दिवस राहिलेल्यांत दाहाशी संबंध असलेले जिवाणू वाढले, तोंडात हा बदल जास्त ठळक होता, आणि अख्ख्या वनस्पतिजन्य अन्नावर असलेल्यांत तसं झालं नाही. अभ्यास फार लहान आहे, म्हणून मी त्यावर मोठा दावा करणार नाही. क्लेन्समध्ये पातळ जुलाब झाले असतील, तर सफरचंद किंवा पेअरच्या रसातलं सॉर्बिटॉल आणि न शोषलेलं फ्रुक्टोज आतड्यात पाणी ओढतं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि आता आई. त्यांची गोळी कोणती हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच अडलं आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असेल, तर पोटात अन्न असो वा नसो, ही औषधं इन्सुलिन सोडायला लावतात. दिवसा रसातली साखर कदाचित सांभाळून घेईल, पण शेवटचा ग्लास संध्याकाळी सात वाजता झाला तर सकाळपर्यंत बारा तास काहीच नाही, आणि साखर पहाटे झोपेत घसरू शकते. घाम, थरथर, धडधड ही नेहमीची लक्षणं. वय झालेल्या माणसात कधी कधी फक्त असंबद्ध बोलणंच दिसतं. आकडा 70 च्या खाली गेला आणि त्या शुद्धीवर असतील, तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. या गोळ्यांचा असर बराच काळ टिकतो, साखर वर येऊन पुन्हा घसरते, म्हणून त्यानंतर दवाखाना गाठायचाच. नीट गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर धोका निराळा आहे. खाणं एकदम कमी झालं की या औषधांवर असताना रक्तात आम्लता वाढू शकते, तीही मीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जलद श्वास यांतलं काही दिसलं आणि मीटर 150 दाखवतोय म्हणून घरी थांबलं, तर उशीर होतो. मूत्रपिंडं कमजोर असतील तर रसातलं पोटॅशियम, आणि पालक-बीटच्या रसातलं ऑक्झलेट हाही वेगळा विषय आहे. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर धोकादायकरीत्या घसरण्याची शक्यता फारच कमी.

पण गोळी कोणतीही असो, 68 व्या वर्षी गेलेला स्नायू सहजी परत येत नाही. या वयात प्रत्येक किलो वजनामागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज हवीत असं मानलं जातं, आणि तीन दिवस दहा-दहा ग्रॅमवर काढायला लावणं मला मान्य नाही. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आईंना फळं द्यायचीच असतील तर अख्खी, चावून खायला द्या, सोबत दही किंवा अंडं.

आईंच्या गोळीचं नाव आणि मात्रा, क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट आणि रक्तदाबाचं औषध चालू असेल तर तेही मला ईमेलवर कळवा, इथे जाहीर लिहू नका. आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करणं किंवा अर्धी करणं यातलं काहीही करू नका.