तिघांचा परिचय, एकाचा सत्कार

गेल्या रविवारी एका तालुक्याच्या वाचनालयात माझा परिचय करून देण्यात आला. तीनदा. ओळीने.

चूक थोडी माझीच. बँकेतली नोकरी सांभाळून मी देवरायांवर लिहितो, त्यामुळे कोणी ना कोणी परिचय मागतंच. एक म्हणतो दोन ओळी द्या, दुसऱ्याला सविस्तर हवा, तिसऱ्याला रात्री साडेअकराला आत्ताच्या आत्ता. म्हणून मी एक मोठ्ठा मूळ परिचय करून ठेवलाय, साताठशे शब्दांचा, पार शाळेतल्या निबंधस्पर्धेपर्यंत सगळं त्यात आहे. तो कोणालाच पाठवायचा नसतो, त्यातून कापायचं असतं. चाळीस शब्द पत्रिकेसाठी, शंभर निवेदनासाठी, अडीचशे स्मरणिकेसाठी.

आणि कापायचं म्हणजे विशेषणं खुडायची नाहीत. मी आधी तेच करायचो, शेवटी हातात उरायचं जन्म, शिक्षण, नोकरी. म्हणजे स्थळाचा बायोडेटाच, फक्त उंची आणि रास राहिली. आता अख्खी वाक्यंच उडवतो. मोठ्यात लिहिलंय, "2011पासून सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून तिथली झाडं, देव आणि लोककथा यांच्या नोंदी ठेवतात." मधल्यात, "2011पासून देवरायांच्या नोंदी ठेवतात." छोट्यात नुसतं "देवरायांवर लिहितात" आणि पुस्तकाचं नाव. बँक छोट्यात गळते, कारण वाचनालयाला माझ्या बँकेशी काय देणंघेणं? बँकेच्या कार्यक्रमाला मात्र देवराया गळतात. आणि "गेली दहा वर्षे" असं कधीच लिहायचं नाही, साल लिहायचं. माझा एक जुना परिचय अजून कुठेकुठे फिरतोय, त्यात मी "गेली तीन वर्षे" हिंडतोय आणि केसही काळे आहेत.

इन्स्टाग्रामचं तर बोलायलाच नको. तिथे 150 कॅरेक्टर, आणि काना, वेलांटी, पाय मोडायचा हलंत सगळं वेगवेगळं मोजतात. सह्याद्री डोळ्याला तीन अक्षरं, मोबाईलला नऊ! इंग्रजीवाल्यांना जोडाक्षरांचा भुर्दंड पडत नाही, ते बसतात मजेत स्वतःला ट्रॅव्हलर, ड्रीमर, कॉफी लव्हर म्हणवून घेत.

असो. तर वाचनालयाला नेमका कोणता परिचय हवा हे तीन फोन करूनही कळेना, "पाठवा हो काहीही", म्हणून मी तिन्ही एकाच फाईलमध्ये टाकून दिले. वर ठळक अक्षरात लिहिलं, यातला सोयीचा एक घ्यावा.

सूत्रसंचालक निवृत्त मुख्याध्यापक होते. जाकीट, खिशात दोन पेनं, आणि हातात आलेला कागद पूर्ण वाचायचा ही आयुष्यभराची शिस्त. त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "लघु परिचय. चाळीस शब्द." मला वाटलं चला, निदान छोटा तरी निवडला. टाळ्या पडल्या, मी अर्धवट उठून नमस्कार केला, बसतोय तोच, "मध्यम परिचय. शंभर शब्द."

आता गंमत अशी की प्रत्येक परिचय सुटा वाचला तरी कळावा म्हणून प्रत्येकाची सुरुवात मी पूर्ण नावाने केलेली. ऐकणाऱ्याला काय वाटणार? पुन्हा टाळ्या, जरा बुचकळ्यातल्या. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले (कुजबुजत असल्याच्या भ्रमात, पण सभागृहभर), "हे कोण आता? भाऊ का?" शेजारचा म्हणाला, "नाही हो, ते बँकेत आहेत. आधीचे झाडांवाले." तेवढ्यात एक कार्यकर्ता पोरगा वाकून वाकून आला आणि माझ्या शेजारी दोन खुर्च्या मांडून गेला.

"दीर्घ परिचय. अडीचशे शब्द." त्यातला कंसातला मजकूरही सरांनी सोडला नाही. "कंसात, वेळ कमी असल्यास हा परिच्छेद गाळावा, कंस पूर्ण." आणि मग तो परिच्छेद वाचला. संपूर्ण! मी हातानं खुणा केल्या, तर त्यांना वाटलं आवाज पोचत नाहीये, त्यांनी माईक जवळ ओढला.

शेवटी आजोबांनी उभं राहून विचारलंच, "बाकीचे दोघं कधी येणार?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाले, "आपण जरा वीस मिनिटांत आवरतं घ्यावं." मी पाऊण तासाची तयारी करून गेलो होतो हो! रजेचा दिवस, स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल. माझ्याबद्दल इतके शब्द लागतात त्यांना, पण जाण्यायेण्याच्या खर्चाबद्दल एक शब्द नाही, लघुसुद्धा नाही. नारळ मिळाला. एकच. तिथे मात्र मोजणी बरोब्बर.

घरी येऊन मी तीन वेगळ्या फायली केल्या, नावातच शब्दसंख्या टाकली, कंस सगळे उडवले, आणि ठरवलं की आता एका जागी एकच फाईल जाणार. पुढच्या महिन्यातल्या मंडळाला फक्त शंभर शब्दांची पाठवली. काल त्यांचा फोन, "सर, परिचय मिळाला, छान आहे. याच्याहून जरा छोटा आणि एक जरा मोठा असं पण देता का? एकाच कागदावर चालेल."