‘मला मार्गदर्शन करा’ असा मेल लिहिणार असाल तर

आमचं लोणच्यांचं छोटं युनिट फोंड्याजवळ आहे. धंदा जुना, त्यामुळे नव्याने काही सुरू करणारी मुलंमुली अधूनमधून मेल करतात. बहुतेक मेल एका साच्यातले असतात. ‘आदरणीय मॅडम, मी एक उद्योजक होऊ इच्छिते, आपला प्रवास प्रेरणादायी आहे, मला आपल्या मार्गदर्शनाची नितांत गरज आहे, कृपया माझ्या मेंटर व्हा.’ खाली नाव आणि सोबत वीस-बावीस पानांची पीडीएफ. मी ती उघडत नाही, हे आताच सांगून टाकते.

यात उद्धटपणा नाही. असा मेल वाचून मी करायचं काय, हेच मला कळत नाही. कशाबद्दल मार्गदर्शन, किती दिवस, कुठे अडलंय, काहीच नसतं. ‘हो’ म्हटलं तर वर्षभराचं ओझं गळ्यात पडेल अशी धास्ती वाटते आणि ‘नाही’ म्हटलं तर आपण दुष्ट. मग मेल तसाच पडून राहतो. लिहिणाऱ्याला वाटतं, बाई माजली.

गेल्या फेब्रुवारीत सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीचा मेल आला, त्याला मात्र मी त्याच संध्याकाळी उत्तर दिलं. तिला विचारून, नाव-गाव काढून, इथे देते.

विषय: कोकम सरबत, दुकानांची उधारी, 20 मिनिटं मिळतील का?

‘नमस्कार मॅडम,
मी वाळपईजवळ घरी कोकम सरबत करते. गेल्या हंगामात 420 बाटल्या केल्या. सगळ्या घरून, जत्रांत आणि प्रदर्शनांत रोखीने गेल्या. बाटली 200 रुपयांना विकते, मला 105 ला पडते.
यंदा म्हापसा आणि पणजीच्या तीन दुकानांनी मिळून 300 बाटल्या मागितल्या आहेत. त्यांना बाटलीच्या किमतीतले 30 टक्के हवेत आणि पैसे माल विकल्यावर देणार. माझं भांडवल 60,000 आहे.
तुमची लोणची याच दुकानांत असतात, पण तुम्ही माल ठेवून जात नाही, बिल करूनच देता, असं म्हापशातल्या एका दुकानदाराने सांगितलं. माझ्यासारख्या नवीन माणसाला हे जमेल का आणि कसं, एवढंच विचारायचं आहे.
एप्रिलमध्ये सरबतासाठी भिरंडां घ्यायची आहेत, म्हणून 15 मार्चपर्यंत मला ठरवावं लागेल. त्याआधी फोनवर 20 मिनिटं द्याल का? तुम्ही सांगाल तेव्हा युनिटवरही येईन. पटलं तर पुढे हंगाम संपेपर्यंत महिन्यातून एकदा, एवढाच वेळ मागेन. जमत नसेल तर “नाही” एवढंच लिहिलंत तरी चालेल.’

खाली नाव आणि फोन नंबर. फाइल नाही, लोगो नाही. फोनवर एकदा बोट फिरवलं की संपतो एवढाच मेल.

आता हा का चालला ते सांगते. लहान होता म्हणून, असं कोणी म्हणेल. पण दोन ओळींचे मेलही माझ्याकडे पडून आहेत. हा चालला तो आकड्यांमुळे. मेल वाचतावाचताच मी मनात हिशेब करायला लागले होते. बाटली 105 ला पडते आणि भांडवल 60,000, म्हणजे फार तर 570 बाटल्या होतील. त्यातल्या 300 दुकानांना दिल्या की हाती 270 उरतात. पण गेल्या वर्षी तिने रोखीने 420 विकल्या होत्या! म्हणजे दुकानांचा माल वाढीव नव्हताच, तो तिच्या रोखीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्यातून जाणार होता. रोखीच्या बाटलीवर तिला 95 सुटतात, दुकानाच्या बाटलीवर 35. सगळं मांडलं तर गेल्या वर्षी जवळपास 39,900 सुटले होते आणि यंदा दीडशे बाटल्या जास्त करूनही 36,300 च्या आतच सुटले असते. शिवाय दुकानात अडकलेले 31,500 रुपये कधी हाती येणार याचा पत्ता नाही. भिरंडां आणि साखर घ्यायची एप्रिल-मेमध्ये, आणि दुकानात पर्यटकांची खरी गर्दी ऑक्टोबरनंतर.

तिने विचारलं होतं उधारीबद्दल. तिची खरी अडचण उधारीच्या आधी सुरू होत होती आणि ती तिला दिसली नव्हती. पण आकडे लिहिले होते म्हणून मला दिसली. ‘माझा कोकम सरबताचा व्यवसाय आहे, दुकानांकडून चांगला प्रतिसाद आहे, पुढे कसं जाऊ?’ असं लिहिलं असतं तर मी ‘अभिनंदन, क्वालिटी सांभाळ’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळी झाले असते. पुष्कळांना आकडे लिहायची लाज वाटते, कारण आकडे लहान असतात. अरे, लहानच असणार ना. आणि ज्याला भीती वाटते की समोरचा आपला हिशेब चोरेल, त्याने मेल कोणाला पाठवतोय ते आधी बघावं.

त्या बाबतीत ही पोरगी हुशार निघाली. तिने कोकमवाल्याला मेल केला नाही. त्याच बाजारात तोच माल विकणाऱ्याला ‘तुम्ही दुकानांना किती टक्के देता’ विचारलं तर तो कशाला सांगेल? आणि सांगितलंच तर खरं कशाला सांगेल? तिने अशी व्यक्ती शोधली जिची दुकानं तीच आहेत पण माल वेगळा. माझ्या लोणच्याला तिच्या सरबताचा काही धक्का नाही, त्यामुळे मी मोकळेपणाने बोलू शकले. काजूवाल्याला अडचण असेल तर त्याने मसालेवाल्याला विचारावं, खाजेवाल्याला असेल तर बेकरीवाल्याला.

मेलमधलं ‘म्हापशातल्या एका दुकानदाराने सांगितलं’ हे वाक्यही साधं नाही. मी बिल करूनच माल देते हे कुठल्या वेबसाइटवर नाही. ते कळायला दुकानात उभं राहून चौकशी करावी लागते. ‘आपला प्रवास प्रेरणादायी आहे’ हे कोणालाही चिकटवता येतं, हे वाक्य फक्त मलाच लागू होतं.

दुसरं असं की, जे पुस्तकात किंवा सरकारी साइटवर सापडतं ते तिने मला विचारलं नाही. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, हे 2006 च्या कायद्यात आहे. ते तिला माहीत होतं, फोनवर बोलताना कळलं. पण म्हापशाच्या दुकानदारापुढे पहिल्याच भेटीत कायदा काढला तर तो बाटल्याच परत करेल. तिथे काय बोलायचं, हे धंदा करणाऱ्यालाच ठाऊक. अनुभवी माणसाचा वेळ मागायचा तो यासाठी. एफएसएसएआयचा फॉर्म कसा भरायचा हे विचारायला मागू नये.

आता ‘मेंटर’ या मागणीबद्दल. काही जण सल्ला देतात की पहिल्या मेलमध्ये ती करूच नका, ओळख वाढवा, मग बघा. मला ते पटत नाही. पोटात एक आणि ओठांत एक असलेला मेल लगेच कळतो. तिने मागितलं, पण मापून मागितलं. आधी 20 मिनिटं, आणि पटलं तर हंगाम संपेपर्यंत महिन्यातून एकदा. याला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. अशा मागणीला ‘हो’ म्हणायला जड जात नाही. 15 मार्च ही तारीखही उगाच घाई दाखवायला लिहिली नव्हती. भिरंडांचा हंगाम माझ्यासाठी थांबणार नाही हे मलाही कळतं, म्हणून उत्तर लांबवलं नाही.

आणखी एक खटकणारी गोष्ट. हल्ली मेलमध्ये लिहितात, ‘त्याबदल्यात मी तुमचं इन्स्टाग्राम फुकट सांभाळेन.’ नको रे बाबा. मी मागितलं नाही ते देऊन मला मिंधं करू नका. फी देऊ केली तरी मला अवघडच वाटतं. सल्ल्याचं पुढे काय झालं ते कळवा, तेवढं पुरतं.

त्या मुलीने ते केलं. फोनवर मी तिला इतकंच म्हटलं होतं की रोखीच्या 420 बाटल्यांना हात लावू नकोस, वरच्या दीडशेच दुकानांसाठी ठेव, आणि तीनऐवजी एकच दुकान धर. पहिल्या खेपेला थोडा माल बिल करून दे, ते बिल फिटलं की दुसरी खेप. दुकानदार कुरकुरेल, पण तीन डझन बाटल्यांसाठी कोणी फार भांडत नाही. टक्के थोडे वाढवून मागितले तर दे, ‘विकल्यावर पैसे’ ही उधारी मात्र देऊ नकोस. दहा-बारा दिवसांनी तिचा चार ओळींचा मेल आला. दोन दुकानांना नाही सांगितलं होतं. म्हापशाच्या दुकानाने नव्या हंगामातल्या 36 बाटल्या घ्यायचं कबूल केलं होतं, पस्तीस टक्क्यांवर, पण बिलावर, पंधरा दिवसांच्या बोलीने. शेवटी लेबलाबद्दल एक प्रश्न होता, आणि तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विचारू का, अशी विचारणा. दुसऱ्या कॉलची वेळ मीच दिली.

मेल कधी पाठवायचा, हेही ऐकून ठेवा. महिन्याची 11 आणि 20 या जीएसटीच्या रिटर्नच्या तारखा, त्यांच्या आदल्या दोन दिवसांत माझ्यासारखीचं डोकं ठिकाणावर नसतं. मार्चअखेर आणि चवथीचा आठवडा सोडूनच द्या. नाताळ ते नवीन वर्ष या काळात गोव्यात दुकानाला माल देणारा कोणीही मेल वाचत नाही. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण करा, आणि तारीख जवळ आली असेल तर तेही लिहा. मेल खरंच नजरेतून सुटतात, त्यामुळे एका आठवणीचा राग येत नाही. तिसऱ्यांदा लिहू नका. त्याऐवजी तोच मेल दुसऱ्या कोणाला पाठवा, फक्त त्या दुकानदाराने सांगितलेलं वाक्य बदलायला विसरू नका. माझ्याबद्दलचं वाक्य असलेला मेल फोंड्यातल्या एका मसालेवाल्याला गेला होता, आणि त्याने तो मला हसत फॉरवर्ड केला.