बिल कुणाचं आणि मुदत कुणाची

"मामा, तुझ्याकडे म्हणे टूरवर जेवणाची बिलंच मागत नाहीत. आमच्याकडे दर महिन्याला त्यावरून सेल्स आणि अकाउंट्सची जुंपते. आता पॉलिसी नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. सगळे म्हणतात, जर्मनीत लोक प्रामाणिक, म्हणून तिथे चालतं. इथे चालणार नाही. खरंय का?" चाकणच्या एका कंपनीत एचआरला असलेल्या भाचीचा हा मेसेज.

मला ते प्रामाणिकपणाचं कारण पटत नाही. मी श्टुटगार्टजवळ मशीन बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिसला आहे. महिन्यातले पाच-सहा दिवस बाहेर असतो आणि माझ्या टीममधल्या आठ जणांचे क्लेम मीच मंजूर करतो. माणसं इथलीही तशीच आहेत. फरक आहे तो नियम लिहिण्यात.

गेल्या महिन्यातलंच सांगतो. मी सोमवारी हॅनोव्हरला गेलो, दोन रात्री राहिलो, बुधवारी दुपारी घरी आलो. जेवणासाठी ठरावीक रक्कम मिळते: जाण्याच्या दिवसाचे १४ युरो, मधल्या पूर्ण दिवसाचे २८, येण्याच्या दिवसाचे १४. एकूण ५६. हॉटेलचा नाश्ता कंपनीच्या बिलात होता, त्यामुळे प्रत्येक नाश्त्यामागे २८ चे २० टक्के, म्हणजे ५ युरो ६० सेंट वजा. दोन नाश्त्यांचे ११.२० गेले, हातात आले ४४.८०. मी संध्याकाळी ब्रेड-चीज खाल्लं की रेस्टॉरंटमध्ये बसलो, हे कुणी विचारलं नाही, कारण त्यावर काहीच अवलंबून नव्हतं. हॉटेलचं बिल मात्र लागतंच, तेही कंपनीच्या नावावर.

इथे आमच्या मंडळातला एकजण ठासून सांगतो की जर्मनीत हे पैसे देणं कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. ते अर्धंच खरं. कायद्याने ठरवलंय ते एवढंच, की या रकमेपर्यंत कर लागणार नाही. खासगी कंपनीने किती द्यायचं हे तिच्या पॉलिसीत किंवा करारात असतं. बहुतेक कंपन्या तोच आकडा उचलतात, कारण हिशोब सोपा पडतो.

भाचीने तिच्या जुन्या पॉलिसीतलं वाक्य पाठवलं होतं: "जेवणखर्च दररोज कमाल ८०० रुपये, प्रत्यक्ष व वाजवी खर्चानुसार, बिलं जोडावीत." आमच्याकडे प्रवासखर्च बघणाऱ्या बाई सव्वीस वर्षं हेच काम करतायत. त्यांना मी ते जर्मनमध्ये करून दाखवलं. त्यांनी पेन्सिल घेतली आणि आधी "वाजवी" खाली रेघ मारली, मग "दररोज" खाली. म्हणाल्या, हे दोन शब्द आमच्याकडेही होते, आणि माझी अर्धी दुपार त्यांच्यातच जायची. वाजवी कुणाच्या मते? आणि दिवस कधी सुरू होतो?

भाचीने पाठवलेला एक खरा क्लेमच घेऊ. इंजिनिअर सोमवारी पहाटे ५:४० ला घरून निघाला, बेंगळुरूला गेला आणि मंगळवारी रात्री परत निघाला. विमानाला उशीर झाला, घरी पोचला तेव्हा रात्रीचे १२:५० झाले होते, म्हणजे बुधवार लागला होता. त्याने तीन दिवस लावले, अकाउंट्सने दोनच धरले. शिवाय सोमवारी त्याचे ९५० झाले होते आणि मंगळवारी ४३०. त्याचं म्हणणं, दोन दिवस मिळून मी १६०० च्या आत आहे. अकाउंट्सचं म्हणणं, सोमवारचे १५० कापणार. त्या वाक्यावरून दोघंही बरोबर ठरतात.

याचं उत्तर शोधायला जर्मनीत यायची गरजच नव्हती. माझे नागपूरचे आतेभाऊ केंद्र सरकारच्या कार्यालयातून निवृत्त झाले. ते म्हणाले, "अरे, आम्हाला २०१७ पासून बिलं लागतच नाहीत." त्यांचं जेवणापुरतं खरं आहे. सातव्या वेतन आयोगानंतरच्या आदेशात जेवणाची परतफेड ही कल्पनाच काढून टाकली आणि ठरावीक रक्कम आणली. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. गैरहजेरी सहा तासांपेक्षा कमी असेल तर ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बारा तासांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण. हॉटेलचं मात्र वेगळं आहे. वेतनाच्या लेव्हल ८ पर्यंतच्यांनी राहण्याचा काळ आणि जागेचं नाव लिहून स्वतः सही केली की मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. वरच्या लेव्हलला बिल लागतं. आतेभाऊ लेव्हल ८ च्या आत होते, म्हणून त्यांना सगळ्यांचं तसंच वाटतं.

तो हिशोब बेंगळुरूच्या क्लेमला लावला तर सोमवारचे ८००, मंगळवारचे ८००, आणि बुधवारच्या पन्नास मिनिटांचे ३० टक्के म्हणजे २४०. एकूण १८४०. ना बिल, ना सोमवार-मंगळवारची वजाबाकी. फक्त वेळ कुठून मोजायची ते लिहायला हवं: घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत, विमान उतरेपर्यंत नव्हे. आणि क्लायंटने जेवू घातलं तर काय, तेही तिथेच लिहून टाकावं. अशी ठरावीक रक्कम आपल्याकडे खर्च झाल्याइतकीच करमुक्त असते, म्हणून आकडा ठरवताना कंपनीच्या सीएला विचारायला मी भाचीला सांगितलं.

हे फोनवर चाललेलं ऐकून भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, मध्येच म्हणाले की आम्ही केरळला गेलो तेव्हा एलटीएला, म्हणजे रजेतल्या प्रवासाच्या भत्त्याला, तिकिटं जोडली होती. विषय तो नव्हता. पण नंतर ते जे बोलले ते माझ्या मनात घर करून राहिलं. त्यांनी तीस वर्षं पंप विकले, निम्मा विदर्भ एसटीने पालथा घातला. "ढाब्यावर पोहे-चहाचं बिल कोण देतो? मालक कोरं बिल फाडून हातात द्यायचा, म्हणायचा, साहेब, तुम्हीच भरा. मी पोह्यांचे खरे पैसेच लिहायचो, पण अक्षर माझं असायचं. एकदा अकाउंट्सने सगळी बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि मला चोर ठरवलं." ज्या खर्चाला बिल मिळतच नाही त्याला बिल मागितलं, की खरं बोलणाऱ्यालाही खोटा कागद तयार करावा लागतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हे.

रिक्षाचं तसंच. इथे पार्किंगचं मशीन बिघडलं किंवा पावती गेली तर स्वतः कागद लिहून सही करता येते, त्याला आयगनबेलेग म्हणतात. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किती, आणि पावती का नाही. कंपनीला त्यावर विक्रीकराचा परतावा मिळत नाही, पण माणसाचे पैसे बुडत नाहीत. या दोन गोष्टी आपल्याकडे एकात गुंतवतात. "जीएसटी बिल नसेल तर क्लेम नामंजूर," असं भाचीच्या पॉलिसीत आहे. आता बेंगळुरूच्या हॉटेलने लावलेला जीएसटी अर्धा केंद्राचा, अर्धा कर्नाटकाचा. तिची कंपनी नोंदलेली फक्त महाराष्ट्रात. बिल कितीही पक्कं असलं तरी त्या कराचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून वजावट, तिला मिळणार नव्हतंच. मग त्यासाठी इंजिनिअरची खोली का नाकारायची? हॉटेलच्या मर्यादेतही करच घोळ घालतो. ४५०० ची मर्यादा, खोली ४४००, आणि ५ टक्के जीएसटी धरून बिल ४६२०. "४५०० रुपये, कर वेगळा" एवढं लिहिलं असतं तर हा वाद झालाच नसता.

मुदतीचं मात्र माझं स्वतःचं दुखणं आहे. २०१२ मध्ये मी पुण्याच्या एका कंपनीत होतो, महिन्याचा पगार ३२ हजार. जमशेदपूरला नऊ दिवस राहून आलो आणि चौथ्या दिवशी क्लेम सरांच्या टेबलावर ठेवला. सर रजेवर होते, मग त्यांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. नियम होता: "क्लेम ३० दिवसांत मंजुरीसह अकाउंट्सला मिळाला पाहिजे." मिळाला ४१ व्या दिवशी. १४,३०० रुपये अडकले. त्या महिन्यात मी घरभाडं मित्राकडून उसनं घेऊन भरलं. सात महिन्यांनी फक्त हॉटेलचे पैसे आले, बाकीचे आलेच नाहीत.

त्या वाक्यात दिवस माझे मोजले आणि उशीर दुसऱ्याने केला. जर्मनीच्या सरकारी नोकरांच्या प्रवासखर्चाचा कायदा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे वेगळंही लिहिता येतं. कर्मचाऱ्याने प्रवास संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. कार्यालय बिलं मागू शकतं, पण अर्जानंतर सहा महिनेच. मागितल्यापासून तीन महिन्यांत बिलं दिली नाहीत तर अर्ज नाकारता येतो, "तेवढ्यापुरता". प्रत्येक मुदत एकाच माणसाची, तिचा पहिला दिवस ठरलेला, आणि ती चुकली तर काय होईल तेही लिहिलेलं. त्या "तेवढ्यापुरता" शब्दावर मी बराच वेळ थांबलो. एका रिक्षाच्या कागदासाठी नऊ दिवसांचं हॉटेल अडवायचं नाही, हे त्या एका शब्दात आलंय. आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ मध्ये दौऱ्याच्या क्लेमची मुदत एक वर्षावरून ६० दिवसांवर आणली, म्हणजे मुदत कमी असणं हा दोष नाही.

भाचीला मी हे वाक्य सुचवलं: "कर्मचारी परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १५ दिवसांत क्लेम भरेल, भरल्याची तारीख सिस्टीममधली धरली जाईल. मंजुरी देणारा कामाच्या ५ दिवसांत मंजूर करेल किंवा नेमकी कुठली नोंद अडली ते लिहून परत पाठवेल. तसं न झाल्यास क्लेम त्याच्या वरिष्ठांकडे जाईल. हे दिवस कर्मचाऱ्याच्या मुदतीत मोजले जाणार नाहीत. वादाची नोंद बाजूला ठेवून बाकीची रक्कम पुढच्या पगाराबरोबर दिली जाईल."

पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर क्लेम मंजूर समजावा, असं मला लिहायचं होतं. आमच्या बाईंनीच अडवलं. म्हणाल्या, मग मंजूर करणारे वाचणं सोडून देतात, आणि शेवटी सगळं माझ्या टेबलावर येतं. माझं मत अजून बदललेलं नाही, त्यांचंही नाही. भाचीने वरिष्ठांकडे पाठवायचा पर्याय घेतला.

परवा तिने गेल्या तिमाहीतले वादातले अकरा क्लेम नव्या शब्दांवर तपासले. नऊ सुटले. एकात क्लायंटने ऐनवेळी मीटिंग दुसऱ्या शहरात हलवली होती आणि हॉटेलची आधीची मंजुरी घ्यायला वेळच नव्हता. दुसरा तो बेंगळुरूचाच. अकाउंट्सप्रमुख म्हणतात, विमान कंपनीच्या उशिराचे २४० रुपये आम्ही का द्यायचे? मी म्हटलं, तो त्या पन्नास मिनिटांतही कंपनीच्याच कामावरून घरी येत होता. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. सोमवारी पुन्हा बसणार आहेत.